न वाकलेल्या बीमचा किस्सा

भेग केसाएवढीच होती, पण ती भलत्याच जागी होती. पुण्यातल्या एका चार मजली इमारतीच्या वरच्या मजल्यावर संगणकांची मोठी खोली होती आणि तिथला एसी रात्रंदिवस चालू असायचा. त्या खोलीच्या छताला, म्हणजे वरच्या बीमच्या तळाला, गिलाव्यात दोन आडव्या रेषा उमटल्या होत्या. डाव्या भिंतीपासून साधारण दोन मीटरवर एक आणि उजव्या भिंतीपासून तेवढ्याच अंतरावर दुसरी. नवा गिलावा लावून दोन वेळा बुजवल्या, तरी दोन्ही वेळा त्या परत आल्या. मालकाने आमच्या ऑफिसला फोन केला. मला तेव्हा डिझाइनच्या कामाला लागून तीनच वर्षं झाली होती, आणि त्या इमारतीची गणितं मीच केलेली होती.

साइटवर सगळ्यांची उत्तरं तयार होती. सुपरवायझर म्हणाला, सेंटरिंग लवकर काढलं असणार. कंत्राटदाराने तावातावाने क्यूबचं रजिस्टर पुढे केलं. रजिस्टर खरं होतं, एम-३५ चं काँक्रीट होतं आणि सगळे क्यूब पास होते. माझ्या मनात मात्र वेगळीच धास्ती होती. बीम वजनाने वाकला की तळाला मधोमध भेग पडते, हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. इथे मधोमध अगदी बारीक दोन-चार रेषा होत्या, ठळक भेगा होत्या टोकांकडे. वजन वाहताना जिथे मोमेंट जवळपास शून्य असतो, अशी माझ्या कागदावर नोंद होती, नेमक्या तिथे.

आमचे साहेब संध्याकाळी आले. त्यांनी आधी भेग पाहिली नाही. बीमच्या तळाला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी ताणायला सांगितली आणि मधोमध दोरी नि काँक्रीट यांतलं अंतर फुटपट्टीने मोजलं. बीम सरळ होता. डोळ्याला दिसेल इतकाही झोल नव्हता.

"सरळ आहे, सर," मी सुटकेच्या सुरात म्हणालो, "म्हणजे जास्तीचा लोड नाही."

"सरळ आहे हे मला पटलं," ते म्हणाले. "आता गच्चीवर चल."

गच्चीवर गेल्यावर मला पहिल्यांदा कळलं की हा बीम मी कागदावरच पाहिला होता. खोलीत खाली बीम दिसू नये, छत सपाट असावं, असा आर्किटेक्टचा आग्रह होता. म्हणून आम्ही तो उलटा घेतला होता. स्लॅब त्याच्या तळाशी होता आणि ६०० मिमी उंचीचा बीम गच्चीवर कट्ट्यासारखा उघडा उभा होता. मे महिना होता, सूर्य मावळून तासभर झाला होता, तरी त्यावर हात ठेववत नव्हता. आणि त्याच बीमचा तळ खालच्या खोलीत २३ अंशांवर थंडगार होता.

साहेबांनी दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला थर्मामीटर लावायला सांगितला. उन्हातली अगदी वरची कातडी पन्नाशीच्या आसपास गेली होती, पण काँक्रीट हळू तापतं, त्यामुळे आत शिरताच तापमान झपाट्याने उतरत होतं. त्या वाकड्या आलेखाचा बीमला वाकवण्यापुरता परिणाम जेवढा, तेवढाच देणारी सरळ रेषा काढली, तर वर ३८ आणि खाली २३ असा हिशोब बसला. फरक १५ अंशांचा. पुढचं सगळं या १५ अंशांभोवती फिरतं.

त्या रात्री साहेबांनी पाठकोऱ्या कागदावर जे मांडलं, ते मी इतक्या वर्षांत अनेक नव्या मुलांना तसंच मांडून दाखवलं आहे.

बीमची दोन्ही टोकं मनातल्या मनात कापा. आता तो मोकळा आहे. वरचा भाग गरम, म्हणून लांबणार. खालचा थंड, म्हणून आखूड राहणार. मग बीम वरच्या अंगाला फुगून कमानीसारखा होणार. किती? दर अंशामागे काँक्रीट दहा लाखांत १० भाग लांबतं असं धरू. (महाराष्ट्रात खडी काळ्या पाषाणाची असते आणि गारगोटीच्या दगडाच्या मानाने ती कमी पसरते, म्हणून आम्ही १० धरत असू.) स्पॅन ८ मीटर, उंची ०.६ मीटर. मोकळ्या बीमचं मध्य वर उचललं जाईल ते असं:

αΔT L² / 8h = ०.००००१ × १५ × ६४ ÷ ४.८ = ०.००२ मीटर

फक्त २ मिलिमीटर. आणि टोकं कलतील ती मीटरमागे १ मिलिमीटर. या अवस्थेत बीम वाकडा असेल, पण गरम-थंडाच्या सरळ रेषेने त्यात एक किलोचाही स्ट्रेस आणलेला नसेल. प्रत्येक थराला हवं तेवढं लांबायला मिळालं आहे.

आता टोकं परत भिंतींत बसवा. आमच्या बीमच्या एका बाजूला लिफ्टची आणि दुसऱ्या बाजूला जिन्याची आरसीसी भिंत होती. दोन्ही भिंती बीमच्याच रेषेत तीन-तीन मीटर लांब होत्या. अशी भिंत बीमच्या टोकाला कलू देत नाही. टोकाचा तो मीटरमागे १ मिलिमीटरचा कल पुसून शून्यावर आणायला भिंतीला बीमचं टोक पिळून धरावं लागतं. दोन्ही टोकांना सारखं पिळलं की बीमभर एकसारखा मोमेंट पसरतो आणि २ मिलिमीटरची कमान दाबून सपाट होते.

"बीम सरळ आहे, कारण त्याला कुणीतरी सरळ धरून ठेवलंय," साहेब म्हणाले. "दोरीने काल जे दिसलं ते चांगल्या तब्येतीचं लक्षण नव्हतं. टोकं पक्की धरली आहेत, याची ती खूण होती."

वजनाच्या बाबतीत आपली सवय अशी असते की वाक दिसला तर स्ट्रेस आहे, वाक नाही तर स्ट्रेस नाही. तापमानाच्या फरकात ही सवय उलटी पडते. मोकळा बीम वाकतो आणि त्याला काही होत नाही. पक्का धरलेला बीम तसूभर हलत नाही आणि सगळा मार सोसतो.

पिळून धरायला लागणारा मोमेंट काढायचं सूत्र एका ओळीचं आहे:

M = E I α ΔT / h

आणि आयताकृती बीमच्या सगळ्यात वरच्या नि सगळ्यात खालच्या थरातला स्ट्रेस:

σ = E α ΔT / 2

आमचा बीम ३०० मिमी रुंद, ६०० मिमी उंच. एम-३५ काँक्रीटचा E सुमारे ३०,००० मेगापास्कल. गुणाकार केला की σ येतो २.२५ मेगापास्कल आणि M येतो साधारण ४० किलोन्यूटन-मीटर. वरच्या गरम बाजूला दाब, तळाच्या थंड बाजूला ताण. हे चिन्ह अनेकांचं चुकतं. "गरम बाजू लांबते, म्हणजे तिथे ताण" असं पटकन तोंडून निघतं. पण तिला लांबायचं असतं आणि लांबू दिलं जात नाही, म्हणून ती दाबली जाते. ताण थंड बाजूला येतो.

दुसऱ्या सूत्रात काय नाही, ते बघा. त्यात बीमची लांबी नाही. ८ मीटरचा बीम असो की ४ मीटरचा, टोकं पक्की असली तर स्ट्रेस तोच. रुंदी नाही. आणि उंचीही नाही. हे शेवटचं माझ्या पचनी पडायला एक फजिती व्हावी लागली.

दुसऱ्या दिवशी मी उत्साहाने उपाय घेऊन गेलो. बीमवर १५० मिमीचा आणखी थर ओतू, वरून शिअर कनेक्टर लावू, उंची ७५० होईल, बीम दणकट होईल. हिशोबाची वही साहेबांपुढे ठेवली. त्यांनी न बोलता त्याच कागदावर ७५० घालून दाखवलं. मोमेंट ४० वरून ६३ वर गेला. स्ट्रेस जिथल्या तिथे, २.२५. बीम जितका दणकट केला, तितकी त्याला सरळ धरायला भिंतीला जास्त ताकद लागली. वजनासाठी उंची वाढवणं हा उपाय आहे, कारण वजन ठरलेलं असतं आणि बीमने ते पेलायचं असतं. इथे ठरलेला आहे तो बाक. दणकट बीमला तोच बाक मोडायला जास्त जोर लागतो. दोन्ही टोकं पक्की असलेल्या बीममध्ये आकारमानाशी खेळून उन्हाचा स्ट्रेस कमी होत नाही. तो कमी होतो दोनच वाटांनी: तापमानाचा फरक कमी करा, नाहीतर टोकं सैल करा.

मग भेग टोकांकडेच का? वजनाचा मोमेंट अशा बीममध्ये जागोजाग बदलतो. आमच्या बीमवर स्वतःचं आणि स्लॅबचं मिळून मीटरला सुमारे २० किलोन्यूटन वजन होतं. त्याने भिंतीपाशी १०७ चा हॉगिंग मोमेंट, म्हणजे वरच्या बाजूला ताण. मधोमध ५३ चा सॅगिंग, म्हणजे तळाला ताण. आणि या दोहोंच्या मध्ये, भिंतीपासून स्पॅनच्या २१ टक्क्यांवर, म्हणजे १.७ मीटरवर, शून्य. माझ्या ड्रॉइंगमध्ये मी नेमक्या त्या पट्ट्यात तळाच्या चारपैकी दोन सळया क्रँक करून वर नेल्या होत्या. तळाला तिथे काही कामच नाही, असं माझं गणित सांगत होतं आणि वजनापुरतं ते बरोबर होतं.

ऊन मात्र बीमभर सारखा ४० चा सॅगिंग मोमेंट घेऊन आलं. भिंतीपाशी त्याने वजनाचा हॉगिंग कमी केला, तिथे ते उपकारकच ठरलं. मधोमध ५३ चे ९३ झाले, पण तिथे तळाला चारही सळया होत्या, म्हणून भेगा बारीक आणि विखुरलेल्या राहिल्या. आणि भिंतीपासून २ मीटरवर, जिथे वजनाचे जेमतेम १३ होते, तिथे ५४ झाले. चौपट. तेही दोनच सळयांच्या भरवशावर. भेग तिथेच पडली आणि एकवटून उघडली.

मी तरी एक शंका काढली होती. ५४ चा मोमेंट म्हणजे तळाला ३ मेगापास्कलचा ताण. आयएस ४५६ मधल्या सूत्राने एम-३५ काँक्रीट वाकताना ४.१ पर्यंत तग धरतं. मग भेग पडायलाच नको होती. साहेबांचं उत्तर मला अजून उपयोगी पडतं. ते म्हणाले, तो आकडा प्रयोगशाळेतल्या हातभर बीमचा आहे. त्या बुटक्या बीममध्ये ताण तळापासून झपाट्याने उतरतो, म्हणून काँक्रीट वाजवीपेक्षा बळकट वाटतं. ६०० मिमी उंचीच्या बीमचा तळ जवळजवळ सरळ ओढल्यासारखाच ताणला जातो आणि मग एम-३५ ची सरासरी ताकद २.८ च्या आसपास धरावी. ३ समोर २.८. शंका मिटली.

पण अंदाज बसला म्हणजे कारण सिद्ध झालं, असं साहेब मानत नसत. सेंटरिंग लवकर काढल्यानेही भेग पडू शकते. दोन्हींतला फरक ओळखायचा कसा? भेगेवर काचेची पट्टी चिकटवायची जुनी पद्धत आहे, पण काच फक्त हालचाल झाली एवढंच सांगते. आम्ही भेगेला आडव्या पेन्सिलीच्या तीन खुणा केल्या, शेजारी तारीख आणि वेळ लिहायला जागा सोडली आणि क्रॅक गेज नावाचं पारदर्शक कार्ड घेऊन आठवडाभर दिवसातून दोनदा मोजलं: पहाटे सहाला आणि दुपारी चारला. पहाटेसाठी मी रोज अंधारात स्कूटर काढायचो. वॉचमन विचारायचा, "साहेब, इतक्या पहाटे छत बघायला?"

सात दिवसांचे आकडे सारखेच बोलत होते. दुपारी भेग ०.३ मिमीच्या वर, पहाटे तिच्या निम्म्यावर. पहाटे गच्ची निवून फरक तीनेक अंशांवर आलेला असायचा, म्हणजे मोमेंट ४० वरून ८ वर. सहाव्या दिवशी आभाळ भरून आलं, वळवाचा पाऊस झाला आणि त्या दुपारी भेग पहाटेएवढीच राहिली. वजन दिवसातून दोनदा बदलत नाही आणि पावसाने कमीही होत नाही. सेंटरिंगच्या घाईने पडलेली भेग एकदा पडली की पडली, ती उन्हाबरोबर श्वास घेत नाही. कंत्राटदार सुटला. मी मात्र सुटलो नाही. त्या बीमला ऊन लागणार हे ड्रॉइंगवर मलाच दिसायला हवं होतं.

इथे एक बारकावा सांगायलाच हवा, कारण टोकं पक्की म्हटलं की अनेक जण दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळतात. बीमचं तापमान दोन भागांत फोडायचं असतं. सरासरी वाढ बीमला लांबवू पाहते. वर-खालचा फरक त्याला वाकवू पाहतो. आमच्या भिंती चार मजले उंच होत्या. त्यांच्या माथ्याला आडवं ढकललं तर त्या अर्धाएक मिलिमीटर सहज बाजूला सरकतात आणि बीमची सरासरी वाढ तेवढ्यात मोकळी होते. त्याच भिंतीला कलवायला गेलात तर ती हटत नाही. मी नंतर हिशोब केला, तेव्हा कल रोखण्याच्या बाबतीत ती ९७ टक्के पक्की निघाली. म्हणजे लांबायला मोकळा आणि वाकायला बांधलेला, असा हा बीम होता आणि म्हणूनच तळाला ताण आला. दोन्ही बाबतींत आवळलेला असता, तर सरासरी वाढीच्या दाबाने तळाचा ताण खाऊन टाकला असता, आणि वरच्या थरात दुप्पट दाब साचला असता. टोकाला भिंतीऐवजी सडपातळ कॉलम असता, तर तो थोडा कलला असता आणि मोमेंटही त्या प्रमाणात उतरला असता. म्हणून टोक कशाला बांधलंय, हा प्रश्न तापमानाच्या आधी विचारावा लागतो.

याच काळात ऑफिसमध्ये घडलेला एक प्रकार आजही नव्या मुलांना सांगतो. मी हा बीम सॉफ्टवेअरवर तपासायला घेतला. स्टॅडमध्ये मेंबरच्या तापमानाच्या लोडला दोन आकडे लागतात, पहिला सरासरी वाढीचा आणि दुसरा वरून खालचं वजा करून आलेल्या फरकाचा:

```
TEMPERATURE LOAD
1 TEMP 0 15
```

उत्तर बरोबर आलं. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने तोच बीम सॅप २००० मध्ये केला आणि त्याचा मोमेंट आला २४. दोघंही दुपारभर टोकांची जोडणी तपासत बसलो. चूक तिथे नव्हती. सॅपला फरक हवा असतो तो दर मीटर उंचीमागे. १५ अंश ०.६ मीटरमध्ये, म्हणजे तिथे २५ लिहायला हवं होतं. त्याने १५ लिहिलं आणि सॉफ्टवेअरने ते ९ अंश समजून घेतलं. एकक मिलिमीटरचं असतं, तर त्याच १५ चे ९,००० अंश झाले असते, पडद्यावर २४,३०० चा मोमेंट आला असता आणि कुणाच्याही लक्षात आलं असतं. २४ हा आकडा घातक, कारण तो खरा वाटतो. उंची बरोबर १ मीटर असलेल्या बीममध्ये तर ही चूक कधीच सापडत नाही, दोन्ही आकडे एकच येतात.

दुसरी गंमत विकृतीच्या चित्राची. टोकं पक्की असली की सॉफ्टवेअर बीमची विकृती शून्य दाखवतं, पण मोमेंटचा आलेख एका सपाट पट्टीसारखा. शिअर शून्य. आमच्याकडचा एक मुलगा ते पाहून "लोड लागलाच नाही" असं समजून तो लोडकेस काढून टाकायला निघाला होता. सपाट मोमेंट, शून्य शिअर, शून्य वाक: हे तीन एकत्र दिसले तर ते बरोबर आहे. यातलं एखादं नसेल तर टोकं तुम्ही समजता तितकी पक्की नाहीत.

साहेबांनी एकदा जेवणाच्या सुट्टीत न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहरातल्या न्यूमार्केट व्हायाडक्टची हकिगत सांगितली. १९६० च्या दशकात बांधलेला हा प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटचा बॉक्स गर्डर पूल. वर ऊन खाणारा डेक, खाली सावलीतला तळ. पूल अनेक स्पॅनवरून सलग गेलेला. सलग पुलात शेजारचा स्पॅनच टोक धरून ठेवण्याचं काम करतो, त्यामुळे मधल्या आधारांवर जवळजवळ तोच E I α ΔT / h एवढा मोमेंट येतो. दोनच स्पॅनचा सलग पूल असेल तर मधल्या आधारावर त्याच्या दीडपट. त्या पुलाला तडे गेले आणि नायजेल प्रिस्टली या अभियंत्याने त्या निमित्ताने पुलांमधल्या तापमानाचा पाठपुरावा केला. डेकखाली तापमान सरळ रेषेत उतरत नाही, वरच्या थरात एकदम कोसळतं, हे त्याच्या कामातून संहितांमध्ये आलं. आपल्या आयआरसी ६ मध्येही काँक्रीटच्या पुलासाठी डेकच्या वर १७.८ अंशांपासून सुरू होणारी तुटक रेषा दिलेली आहे, सरळ नाही. आमच्या गच्चीवरची पन्नाशीची कातडी आणि आतला उतार हा त्याचाच छोटा नमुना होता. त्या वाकड्या रेषेतून सरळ भाग वजा केल्यावर जो उरतो, तो बीमच्या आतल्या आतच स्ट्रेस तयार करतो. तो टोकं मोकळी असली तरी राहतो. मात्र भिंतींना जाणवतो तो फक्त सरळ भाग.

मालकाला एकच चिंता होती: छत पडेल का? याचं उत्तर साहेबांनी ठामपणे दिलं आणि मला ते तेव्हा धाडसाचं वाटलं होतं. पडणार नाही. वजन म्हणजे सतत पाठीवर बसलेलं ओझं, भेग पडली तरी ते उतरत नाही. तापमानाचा मोमेंट हा बीमच्या ताठरपणातून जन्मतो. भेग पडली की बीम मऊ होतो, I निम्म्यावर आला तर मोमेंटही निम्म्यावर येतो. भेगेने स्वतःच त्याची हवा काढून घेतलेली असते. सळया वितळल्यासारख्या ताणल्या जाईपर्यंत बीम गेला, तर तापमानाचा वाटा जवळजवळ संपलेला असतो. म्हणून चांगल्या सळयांच्या आरसीसी बीममध्ये हा कोसळण्याचा प्रश्न नसतो. तो भेगेचा, गळतीचा आणि वर्षानुवर्षं भेगेतून पोचणाऱ्या ओलीने सळई गंजण्याचा प्रश्न असतो. प्रीस्ट्रेस्ड बीममध्ये मात्र इतकं निर्धास्त राहू नये. तिथे भेग पडू नये हाच करार असतो आणि २-३ मेगापास्कल म्हणजे त्या कराराचा मोठा हिस्सा.

उपाय शेवटी साधा झाला. टोकं सैल करणं शक्य नव्हतं, भिंती तोडता येत नाहीत. म्हणून फरकावर घाव घातला. उघड्या बीमच्या माथ्यावर आणि दोन्ही बाजूंना थर्मोकोलच्या जाड पाट्या बसवल्या, त्यावर जाळी लावून प्लास्टर केलं आणि वरून पांढऱ्या तुकड्यांचा चायना मोझेक. पुढच्या मे महिन्यात मी पुन्हा थर्मामीटर घेऊन गेलो. दुपारी फरक पाच अंशांच्या आत होता, म्हणजे मोमेंट १३ च्या आसपास. त्यानंतरच, आणि तेही पहाटे नव्हे तर भेग थोडी उघडी असताना दुपारी, इपॉक्सी भरलं. पहाटे मिटलेल्या भेगेत भरलं असतं तर आत अर्धंच गेलं असतं. गिलावा पुन्हा केला आणि तो टिकला. गिलाव्याखाली पेन्सिलीच्या खुणा अजून असतील.

आमच्या ऑफिसात त्या दिवसापासून एक नियम लागू झाला. उलटा बीम, गच्चीचा पॅरापेट बीम, थंड खोलीवरचं छत, धुराड्याशेजारचा बीम, असं काही असलं आणि टोकं जाड भिंतीत असली, तर तळाची निदान दोन-तृतीयांश सळई न कापता, न क्रँक करता, सरळ भिंतीत न्यायची. त्याचा खर्च एका बीममागे काही किलो लोखंडाचा असतो.

काही वर्षांनी त्याच इमारतीत वॉटरप्रूफिंगचं काम निघालं आणि नव्या कंत्राटदाराने तो पांढरा कट्टा फोडायला घेतला होता. त्याच्या मते ती फक्त शोभा होती. वॉचमनने मला फोन केला म्हणून वेळेवर पोचलो. तेव्हा तुमच्या सोसायटीच्या गच्चीवर काँक्रीटच्या उंच कट्ट्यावर असं पांढरं आवरण दिसलं, तर ते फोडण्याआधी ज्याने इमारतीचं डिझाइन केलं आहे त्याला एकदा विचारा.